आज जिना उतरून खाली आले

सतरा दिवसांनी आज पहिल्यांदा जिना उतरले. कठडा घट्ट धरून, एकेक पायरी मोजत. सकाळचं ऊन अंगावर आलं आणि गळा दाटून आला.

मध्यंतरी माझी एक शस्त्रक्रिया झाली. ती नीट पार पडली, तब्येत सुधारते आहे. बाकीचा तपशील घरच्यांपुरताच ठेवते आहे, तेवढं समजून घ्याल.

सांगायचं आहे ते माणसांबद्दल. रात्रपाळीच्या त्या सिस्टर, माझी झोप मोडू नये म्हणून खोलीतला दिवा न लावता छोट्या टॉर्चच्या उजेडात सलाइन बघून जायच्या. कूस बदलताना "सावकाश, घाई नाही" म्हणत माझ्या कलाने थांबणाऱ्या मावशी. एकच प्रश्न तीनतीनदा विचारला तरी न कंटाळता उत्तर देणारे डॉक्टर. तुमचे उपकार विसरणार नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने औषधांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवल्या. गोळी दिली की पेनने बारीक खूण. त्या कागदावर आता जागा उरलेली नाही. ताई रजा काढून आली, रोज माझे केस विंचरून वेणी घालून दिली, आणि मी रडले त्या दिवशी काहीही न विचारता नुसती शेजारी बसून राहिली.

तुमचे सगळे मेसेज वाचलेत, उत्तरं राहिलीत. हळूहळू देईन. भेटायला मात्र अजून दोन आठवड्यांनी या, सध्या दुपारची झोप चुकवता येत नाही.