विषय : २० जानेवारीची मुलाखत पुढे घेण्याची विनंती (केमिस्ट, गुणवत्ता विभाग)

सातारा, गुरुवार, १५ जानेवारी २०२६

आदरणीय मॅडम,

नमस्कार आणि संक्रांतीच्या शुभेच्छा.

येत्या मंगळवारी, २० जानेवारीला सकाळी ११ वाजता आपल्या सांगलीच्या कारखान्यात माझी मुलाखत ठरली आहे. १३ तारखेला मीच 'नक्की येते' असा मेल केला होता. आज त्याच मेलखाली मला हे लिहावं लागतंय, की त्या दिवशी मला येणं शक्य होणार नाही. गुरुवार २२ किंवा शुक्रवार २३ जानेवारी यांपैकी एखाद्या दिवशी मुलाखत घेता येईल का? या दोन्ही दिवशी मी सकाळी ९ पासून आपण म्हणाल त्या वेळेला हजर राहीन.

कारण स्पष्टच सांगते. मी सध्या जिथे काम करते तिथलं आयएसओ २२००० चं वार्षिक सर्व्हेलन्स ऑडिट २७ आणि २८ जानेवारीला होतं. ते १९ आणि २० तारखेला घेणार असल्याचं आम्हाला काल संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबची फेरी आहे. चाचण्यांच्या वह्या, उपकरणांच्या कॅलिब्रेशनचे दाखले, वर्षभरात नापास केलेल्या लॉटच्या फायली, या सगळ्यांवर माझी सही आहे, आणि ज्याची सही त्यालाच ऑडिटर प्रश्न विचारतात. लॅबमध्ये आम्ही दोघीच आहोत. दुसरी मुलगी महिन्याभरापूर्वी रुजू झाली आहे. तिला एकटीला त्यांच्यासमोर उभं करून मी सुट्टीवर जाणं बरोबर नाही. म्हणून २० तारखेची मंजूर झालेली रजा मी आज सकाळी मागे घेतली, आणि लगेच आपल्याला कळवते आहे.

यामुळे आपली किती धावपळ होईल याची मला कल्पना आहे. प्रकल्प प्रमुख साहेब खास या मुलाखतींसाठी पुण्याहून येणार आहेत, असं आपण फोनवर म्हणाला होतात. पुन्हा त्यांची वेळ मिळणं अवघड असेल, तर २० तारखेलाच संध्याकाळी ७ नंतर मी व्हिडिओ कॉलवर त्यांच्याशी बोलू शकते, आणि प्रात्यक्षिकासाठी २२ किंवा २३ ला सांगलीला येऊ शकते. शनिवारी २४ तारखेलाही मला चालेल. मात्र निवड माझ्यावर सोडलीत तर मी समोरासमोरची मुलाखतच मागेन. मला तुमची लॅब बघायची आहे.

या जागेची ओढ मला का आहे, हे अर्जात दोन ओळींत लिहिलं होतं. तारीख बदलून मागताना ते जरा नीट सांगावंसं वाटतं. कराडजवळ आमची तीस गुंठे हळद असते. लहानपणी वडिलांबरोबर मी सांगलीच्या मार्केट यार्डात जायचे. व्यापारी ढिगातून एक हळकुंड उचलायचे, कट्कन मोडायचे, आतला रंग बघायचे आणि दर बोलायचे. वडील काही बोलायचे नाहीत, नुसते त्या मोडलेल्या तुकड्याकडे बघत राहायचे. त्या रंगाचं मोजमाप करता येतं, हे मला एम.एस्सी.ला पहिल्यांदा कर्क्युमिनचं रीडिंग घेतलं तेव्हा समजलं. त्या दिवशी घरी फोन करून आकडा सांगितला होता.

इथे तीन वर्षं मी मिरची, धणे आणि हळद तिन्ही बघते, पण मन हळदीतच रमतं. गेल्या मार्चमध्ये हळद पावडरीचा एक लॉट ओव्हनच्या पद्धतीने १०.८ टक्के ओलावा दाखवत होता. मर्यादा १० टक्क्यांची, म्हणजे माल परत जाणार. वासावरून आणि हाताला लागण्यावरून मला ते पटेना. ओव्हनमध्ये पाण्याबरोबर हळदीतलं उडनशील तेलही उडतं आणि तेही ओलावा म्हणूनच मोजलं जातं. मी टोल्युइन डिस्टिलेशन लावलं, दोनदा केलं, ९.६ आलं. लॉट पास झाला. तेव्हापासून आमच्याकडे मसाल्याचा ओलावा त्याच पद्धतीने काढतात. आपल्या जाहिरातीत नव्या हळदीची आवक वाढण्याआधी लॅबच्या कामाच्या पद्धती नव्याने बसवायच्या आहेत, असं वाचलं, आणि अर्ज त्याच रात्री भरला.

प्रात्यक्षिकासाठी आपण कळवलेल्या दोन्ही चाचण्यांची, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर कर्क्युमिन आणि भेसळीसाठी लेड क्रोमेट, माझी तयारी झाली आहे. आपल्याकडच्या उपकरणाचं मॉडेल आधी कळलं तर त्याचं मॅन्युअल वाचून येईन.

एक विनंती आहे. मुलाखतीबद्दल मी इथे अजून कोणालाही सांगितलेलं नाही. तेव्हा कृपया याच मेलवर किंवा अर्जातल्या माझ्या मोबाइलवरच संपर्क करावा. दुपारी १.३० ते २ आणि संध्याकाळी ६ नंतर मी फोन घेऊ शकते. आज दुपारी मी स्वतःही आपल्याला फोन करते.

तसदीबद्दल मनापासून क्षमस्व. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
मनीषा

—

शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

नमस्कार मनीषा,

काल फोनवर बोलणं झालंच. वेळेत कळवलंत त्यामुळे बाकीच्या उमेदवारांच्या वेळा हलवाव्या लागल्या नाहीत. साहेब शुक्रवारी २३ तारखेला पुन्हा सांगलीत आहेत. प्रात्यक्षिक सकाळी ११.३० ला, मुलाखत दुपारी ३ ला ठेवली आहे. मूळ कागदपत्रं आणि लॅब कोट आणावा. उपकरणाचं मॅन्युअल सोबत जोडलं आहे. जमत असल्यास आजच कळवा.

मनुष्यबळ विभाग

—

शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

आदरणीय मॅडम,

मेल मिळाला, खूप बरं वाटलं. शुक्रवार, २३ जानेवारी, प्रात्यक्षिक सकाळी ११.३० आणि मुलाखत दुपारी ३, दोन्हीला मी येते. त्या दिवसाची रजा आत्ताच मंजूर करून घेतली. साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडण्यापेक्षा गुरुवारी रात्रीच मिरजेला मावशीकडे मुक्कामाला येईन, म्हणजे सकाळी ११ पर्यंत गेटवर पोहोचते.

पदवी आणि एम.एस्सी.ची मूळ प्रमाणपत्रं, अनुभवाचा दाखला आणि आधार कार्ड, शिवाय प्रत्येकाची एकेक झेरॉक्स घेऊन येते. मॅन्युअल वाचायला घेतलं आहे. त्यात ४२५ नॅनोमीटरला रीडिंग घेताना ब्लँकसाठी कोणतं द्रावण वापरायचं ते दिलेलं नाही. आपल्या लॅबमध्ये एथेनॉल वापरतात की ॲसिटोन, एवढं तिथल्या कुणाला विचारून कळवता आलं तर तशी तयारी करून येईन. नाहीच जमलं तरी हरकत नाही, तिथे आल्यावर विचारेन.

साहेबांनाही माझे आभार कळवावेत.

आपली विश्वासू,
मनीषा