सूचना : सणासुदीतील लाउडस्पीकर, सामाईक जागा आणि साफसफाई

दिनांक : 10 ऑगस्ट 2025
प्रति : ए, बी आणि सी विंगमधील सर्व सभासद व भाडेकरू

रविवार, 3 ऑगस्ट रोजी व्यवस्थापक समितीच्या सभेत ठरल्यानुसार ही सूचना काढत आहोत. 16 ऑगस्टच्या गोपाळकाल्यापासून दिवाळीपर्यंतच्या सगळ्या कार्यक्रमांना ती लागू राहील. गणपती 27 ऑगस्टला बसतात, अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला आहे, नवरात्र 22 सप्टेंबरपासून आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला. दरवेळी वेगळी नोटीस लावली जाणार नाही, म्हणून ही एकदा शेवटपर्यंत वाचावी.

लाउडस्पीकर

रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर बंद. हा नियम सोसायटीने काढलेला नाही, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तो आहे. त्यामुळे "पाचच मिनिटं, शेवटचं गाणं" हे सेक्रेटरीला सांगून उपयोग नाही, ते पाच मिनिटं देणं आमच्या हातात नाही. या नियमात नुसता स्पीकर येत नाही, वाद्येही येतात. ढोल-ताशाला वीज लागत नाही म्हणून तो चालतो, असा युक्तिवाद गेल्या वर्षी झाला. तो चुकीचा आहे.

दिवसासुद्धा स्पीकरला पोलिसांची लेखी परवानगी लागते. गणेशोत्सव आणि नवरात्र या दोन्हींसाठी समिती अर्ज करणार आहे. कुणा विंगला स्वतंत्र कार्यक्रम करायचा असेल तर तारीख आणि वेळ किमान आठ दिवस आधी ऑफिसच्या वहीत लिहावी. परवानगीची प्रत हातात नसेल तर वॉचमन स्पीकर गेटमधून आत घेणार नाही. त्याच्याशी वाद घालू नये, त्याला तसं आम्हीच सांगितलं आहे.

राज्य सरकार वर्षातून काही ठरावीक दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देतं. यंदाचे दिवस कोणते, ते नोटीस बोर्डावर लावू. मात्र आपल्या आवारात त्या दिवशीही रात्री 11 ला आवाज बंद करायचा, असं सभेत बहुमताने ठरलं. दोन सभासदांचा याला विरोध होता, त्याची नोंद इतिवृत्तात आहे.

स्पीकरचे दोनच बॉक्स, तोंड गेटच्या दिशेने. निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मोबाइलवरचं ॲप अचूक नसतं, पण अंदाज देतं. त्याहून सोपी खूण म्हणजे खिडकी बंद करूनही पहिल्या मजल्यावरच्या घरात फोनवर बोलता येत नसेल, तर आवाज जास्त आहे. आरतीला माइक चालेल, सकाळी 8 आणि संध्याकाळी 8 वाजता. दुपारी 1 ते 4 काहीही वाजवायचं नाही. या वेळेत लहान मुलं झोपतात आणि रात्रपाळी करून आलेली माणसंही.

मांडव कुठे आणि का

गेली काही वर्षं मांडव बी विंगमागच्या बागेत असायचा. यंदा तो गेटजवळच्या व्हिजिटर पार्किंगमध्ये असेल. मागच्या कुंपणापासून साधारण 60 मीटरवर प्रसूतिगृह आहे. रुग्णालयाभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. घोषणेची वाट न बघता आपणच तिथे स्पीकर न लावणं बरं, असं समितीचं मत पडलं. पाहुण्यांच्या गाड्यांची दहा-बारा दिवस अडचण होईल, ती सोसावी लागेल.

गेट ते सी विंग हा रस्ता मात्र पूर्ण मोकळा हवा. मांडवाचा एकही बांबू, एकही खुर्ची त्यावर येता कामा नये. गेल्या वर्षी सातव्या दिवशी संध्याकाळी सी विंगमधल्या आजोबांना न्यायला रुग्णवाहिका आली आणि महाप्रसादाच्या टेबलांपाशी अडकली. चालकाने हॉर्न दिला, तो भजनात कुणाला ऐकू गेला नाही. शेवटी चौघांनी स्ट्रेचर गेटपर्यंत उचलून नेलं, वाटेत सांडलेल्या आमटीवरून एकाचा पाय घसरला. आजोबा बरे आहेत. पण यंदा तो रस्ता पिवळ्या पट्ट्याने आखून घेतला आहे, आणि पट्ट्याच्या आत आलेली वस्तू कुणाची आहे हे न विचारता उचलली जाईल.

जिना, लिफ्टसमोरची जागा आणि गच्ची यांचं तेच. रांगोळी दारासमोर काढा, जिन्याच्या पायऱ्यांवर नको. पणत्या अग्निशमन नळाच्या पेटीवर ठेवू नका. माळांसाठी पॅसेजच्या दिव्यातून वायर ओढायची नाही. मांडवाची वीज सामाईक मीटरवरून सोसायटीचा इलेक्ट्रिशियन जोडून देईल. गच्चीवर फटाके बंद. खाली मैदानात रात्री 8 ते 10 या वेळेतच उडवावेत.

गोपाळकाल्याची हंडी मुलांची आहे, ती मुलांचीच राहू द्या. दुपारी 1 ला कार्यक्रम संपेल. त्यासाठी टाकीतलं पाणी वापरायचं नाही.

आवराआवर

ज्यांचा कार्यक्रम, त्यांनी आवरायचं. ऐकायला सोपं आहे, पण आजवर कार्यक्रम सगळ्यांचा असतो आणि केर सफाईच्या दोन मावशींचा. गेल्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्या सकाळी 7 पासून दुपारी 2 पर्यंत लिफ्टच्या बटणांतला गुलाल टूथब्रशने काढत होत्या. त्या दिवशीचा जादा मोबदला कुणी दिला नाही, कारण तो कुणी द्यायचा हेच ठरलं नव्हतं.

आता ठरलं आहे. कार्यक्रमाची जागा घेताना 3,000 रुपये अनामत ऑफिसात भरावी. कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पर्यंत जागा होती तशी मिळाली तर पूर्ण परत. नाही मिळाली तर त्यातून आधी मावशींना प्रत्येकी 500 रुपये आणि मग दुरुस्तीचा खर्च. उरले तर परत देऊ. गणेशोत्सव आणि नवरात्राची अनामत उत्सव समितीने वर्गणीतून भरायची आहे. वर्गणी ऐच्छिक आहे, विशेषतः भाडेकरूंच्या दारात तिसऱ्यांदा जाऊ नये.

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. बंदी नसती तरी आम्ही नको म्हटलं असतं. गेल्या पावसात ए विंगमागचा चेंबर तुंबला तेव्हा त्यातून एका मखराचा अर्धा खांब निघाला होता, सोनेरी कागदासकट. निर्माल्यासाठी गेटजवळ हिरवा पिंप ठेवू. त्यात फक्त फुलं, पानं आणि दुर्वा टाकाव्यात. हाराचा दोरा, प्लास्टिकची फुलं आणि उदबत्तीचे पुडे काढून टाका, कारण ते निर्माल्य आपल्याच खतखड्ड्यात जाणार आहे. घरगुती गणपतींसाठी विसर्जनाची टाकी मांडवाशेजारी असेल. शाडूच्या मूर्तीच त्यात विसर्जित कराव्यात, इतर मूर्तींसाठी महानगरपालिकेच्या कृत्रिम हौदावर जावे.

तक्रार

आधी विंगच्या प्रतिनिधीला फोन करावा. तो दहा मिनिटांत खाली येईल. तरीही आवाज थांबला नाही तर 112 वर कळवायचा प्रत्येकाला हक्क आहे आणि कळवणाऱ्याचं नाव सोसायटीच्या ग्रुपवर शोधत बसू नये. गेल्या वर्षी ते झालं आणि ते लाजिरवाणं होतं.

स्वयंसेवकांची नावं ऑफिसात घेणं सुरू आहे. आतापर्यंत अकरा आली आहेत, त्यातली नऊ मांडव सजावटीला आणि दोन आवरायला. आवरायला आणखी किमान सहा जण हवेत. रविवार, 17 ऑगस्ट, सकाळी 11 वाजता क्लब हाउसमध्ये बैठक आहे. प्रत्येक विंगमधून निदान एकाने यावे.

आपला,
सचिव
व्यवस्थापक समितीच्या वतीने