विषय: आकलन चाचणीत पंधरा मिनिटं जास्त मिळण्याबाबत

मॅडम, नमस्कार.

मी नववी ब मधली सानिका. येत्या शुक्रवारी उताऱ्यांची आकलन चाचणी आहे, त्यात मला पंधरा मिनिटं जास्त द्याल का, हे विचारायला मेल लिहिते आहे. वर्गात विचारायचा धीर होत नाही आणि तास संपल्यावर तुमच्याभोवती मुलींचा घोळका असतो, म्हणून लिहूनच कळवते.

मॅडम, माझं वाचन खूप संथ आहे. समजत नाही असं नाही. तुम्ही धडा वाचून दाखवता तेव्हा प्रश्नाला माझा हात बहुतेक वेळा वर असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. पण तोच मजकूर स्वतः वाचायचा म्हटला की ओळ संपून खालच्या ओळीवर जाताना नजर चुकते आणि मी पुन्हा वाचलेल्याच ओळीवर येते. जोडाक्षरं आली की थांबावं लागतं. मागच्या चाचणीत ‘समाजाने त्यांची उपेक्षा केली’ असं वाक्य होतं. मी ते ‘अपेक्षा’ वाचलं. पुढची दोन वाक्यं जुळेनात म्हणून पुन्हा वर गेले, अक्षर अक्षर लावून वाचलं, तेव्हा चूक कळली. एका शब्दापायी पूर्ण परिच्छेद दोनदा वाचावा लागला. असं प्रत्येक उताऱ्यात चार-पाच वेळा होतं.

त्या चाचणीत पहिल्या उताऱ्याला मला १० पैकी ९ गुण होते आणि दुसऱ्याला २. दुसरा उतारा अवघड होता म्हणून नव्हे. चाळीस मिनिटांतली पंचवीस पहिल्यातच गेली होती. दुसरा वाचून होईपर्यंत घंटा व्हायला आली आणि एकच उत्तर कसंबसं लिहून झालं. उत्तरपत्रिकेवर तुम्ही ‘पेपर अर्धवट सोडू नकोस’ असा शेरा दिला होता. तो वाचून फार वाईट वाटलं, कारण मी सोडला नव्हता. पण हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. न सांगता तुम्हाला कळणार कसं?

म्हणून गेल्या रविवारी आईने घड्याळ लावून मला तेवढ्याच लांबीचे दोन नवे उतारे सोडवायला बसवलं. पहिल्याला पंचवीस मिनिटं लागली, दुसऱ्याला अठ्ठावीस. सगळी उत्तरं लिहून झाली. पंधरा मिनिटांचा आकडा त्यावरूनच काढला आहे, त्याहून जास्त नको. प्रश्न सोपे करावेत किंवा कमी असावेत, असंही मला अजिबात वाटत नाही. सगळ्यांना जे प्रश्न असतील तेच मलाही हवेत.

डोळे तपासून झाले आहेत, नंबर नाही. डिस्लेक्सिया आहे का हे पाहण्यासाठी तज्ज्ञांकडे पुढच्या महिन्यातली वेळ मिळाली आहे. त्यामुळे आज माझ्याकडे दाखवायला काही कागद नाही. अहवाल आला की लगेच आणून देईन. तोवर निदान या एका चाचणीपुरता वेळ मिळाला तरी चालेल. परवानगी तुमच्या हातात नसेल आणि मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यावा लागणार असेल तर तसं सांगा, आई-बाबांच्या सहीचा अर्ज उद्याच आणते.

वेळ कसा द्यायचा ते तुम्ही ठरवाल तसं. चाचणी मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला आहे, तेव्हा सुट्टीतली पंधरा मिनिटं मी जागेवर बसून लिहीन. डबा नंतर खाता येईल. फक्त वर्गात सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन सांगू नका, एवढी विनंती. मोठ्याने वाचताना अडखळले की आधीच मागच्या बाकांवरून आवाज येतात.

अजून एक छोटीशी गोष्ट. ओळीखाली पट्टी धरली की माझी नजर कमी चुकते. चाचणीत पट्टी वापरलेली चालेल का? आणि शक्य झालं तर उतारा पानाच्या एकाच बाजूला, जरा मोठ्या अक्षरात छापून मिळाला तर फार मदत होईल. छपाई झाली असेल तर राहू द्या, आहे त्यावर लिहीन.

मला मराठी मनापासून आवडतं, मॅडम. दुसऱ्या उताऱ्याची उत्तरं मला येत होती, ती तुमच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत, याचंच जास्त वाईट वाटतं.

गुरुवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल. तुम्हाला आईशी बोलायचं असेल तर ती रोज संध्याकाळी सहानंतर घरी असते, तिला या मेलबद्दल माहीत आहे.

आपली विद्यार्थिनी,
सानिका
नववी ब, हजेरी क्रमांक २३