कार्यमूल्यमापन अहवाल : प्रतिवेदन व पुनर्विलोकन अधिकाऱ्यांचे अभिप्राय

पद : वरिष्ठ लिपिक, आस्थापना शाखा
कालावधी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ (पूर्ण वर्ष माझ्या हाताखाली)

१. स्वयंमूल्यमापनाशी सहमती
एक बाब वगळता सहमत. वेतननिश्चितीची ४२ प्रकरणे निकाली काढल्याचे नमूद आहे, नोंदवहीत ३९ आहेत. उरलेल्या ३ प्रकरणांचे आदेश एप्रिल २०२४ मध्ये निघाले, म्हणून ती पुढील वर्षात धरावीत. ही मोजणीतली चूक आहे, दिशाभूल नाही.

२. गुण (१० पैकी)
नियमांचे ज्ञान ९, कामाचा दर्जा ८, वेळेत निपटारा ६, पुढाकार ७, सहकाऱ्यांशी वागणूक ८, उपस्थिती व शिस्त ७. सरासरी ७.५.

३. सर्वसाधारण अभिप्राय
सेवापुस्तकांवर पकड उत्तम. एका निवृत्तिवेतन प्रकरणात १९९८ मधील ४७ दिवसांच्या असाधारण रजेची नोंदच नव्हती. त्यांनी त्या वर्षाची हजेरीपत्रके अभिलेख कक्षातून स्वतः शोधली, नोंद साक्षांकित करून घेतली, आणि प्रस्ताव एकही आक्षेप न लागता मंजूर झाला. निवृत्तीची ११ प्रकरणे होती, ९ मुदतीत गेली. २ लांबली ती निवासस्थानाचे ना-देय प्रमाणपत्र दुसऱ्या कार्यालयाकडून उशिरा आल्याने, त्याचे गुण कापलेले नाहीत.

वेळेत निपटाऱ्याला ६ गुण दोन कारणांनी. जुलैच्या वेतन देयकात ६ कर्मचाऱ्यांची वार्षिक वेतनवाढ सुटली. हे सहाही मे-जूनमध्ये बदलून आलेले. त्यांची अंतिम वेतन प्रमाणपत्रे थेट सेवापुस्तकांना लावली गेली, वेतनवाढीच्या यादीत नावे चढलीच नाहीत. फरक ऑगस्टमध्ये अदा झाला. याबाबत लेखी ज्ञापन दिले असून खुलाशात चूक मान्य केली आहे. त्यानंतर रुजू होणाऱ्यांची वेगळी नोंदवही सुरू केली, ती ३१ मार्चपर्यंत अद्ययावत आढळली. दुसरे, माहिती अधिकाराच्या १४ अर्जांपैकी ३ उत्तरे ३० दिवसांनंतर गेली, कारण मसुदा २८ व्या दिवशी सादर झाला. सहीसाठी दोन दिवस पुरत नाहीत. मसुदा २० व्या दिवशी यावा, असे तोंडी सांगितले आहे. शेवटच्या तिमाहीत तसे झाले.

४. सचोटी
निर्विवाद.

५. प्रशिक्षणाची गरज
निवृत्तिवेतन प्रस्ताव ऑनलाइन सादर करण्याचे प्रशिक्षण द्यावे. सध्या त्या टप्प्यासाठी सहकाऱ्यावर अवलंबून राहावे लागते.

६. पुनर्विलोकन अधिकाऱ्यांचा अभिप्राय
रकाना ३ शी सहमत. पुढाकाराचे ७ गुण कमी वाटतात. रुजू नोंदवही कोणी सांगितली नव्हती, आता ती इतर दोन शाखाही वापरतात. ८ करतो. वेळेत निपटाऱ्याचे ६ कायम. वेतनवाढ सुटणे ही संबंधितांच्या पगाराची बाब आहे, नंतरच्या सुधारणेने ती पुसली जात नाही. सुधारित सरासरी ७.६७. अहवालाची प्रत कर्मचाऱ्यास द्यावी.