विषय: डॉकेट क्र. ४४१७०९२६ – मुंबई ते नागपूर वाहतुकीत हार्मोनियमचे नुकसान – रु. १८,९१५ भरपाईची मागणी

प्रति,
क्लेम विभाग
प्रत: दादर बुकिंग शाखा

दि. २८ जुलै २०२५

महोदय,

७ जुलै २०२५ रोजी मी तुमच्या दादर शाखेतून वरील डॉकेटवर एक स्केल चेंजर हार्मोनियम नागपूरला पाठवली. जाहीर किंमत रु. ३८,५००. भाडे रु. १,७५५ आणि वर जोखीम शुल्क रु. ३८५ असे एकूण २,१४० रुपये रोख भरले. माल १२ जुलैला पोहोचला, तो फुटलेल्या अवस्थेत.

घेणाऱ्या बाई गाणं शिकवतात. लाकडी खोक्याचा एक कोपरा आत गेलेला पाहून त्यांनी तुमच्या माणसासमोरच खोकं उघडलं, फोटो काढले आणि पोचपावतीवर ‘खोके फुटलेले, पेटीची उजवी बाजू तडकली’ असं लिहून सही केली. तुमच्या माणसाचीही त्याखाली सही आहे. त्याच संध्याकाळी मी फोनवर तक्रार नोंदवली. १५ तारखेला तुमच्या नागपूर शाखेचा माणूस पाहणी करून गेला. त्याचा अहवाल मागूनही मला अजून मिळालेला नाही. २२ जुलैला पेटी दादरला परत आणून उघडली.

उजव्या बाजूची सागवानी फळी सांध्यापासून सुटली आहे. भात्याच्या घडीचं कातडं फाटलं आहे. सहा पट्ट्या वाकड्या होऊन एकमेकींना घासतात. सगळ्यात वाईट म्हणजे सूर बसवलेल्या फळीला तडा गेला आहे. तिथून हवा गळते आणि पट्टी न दाबताच दोन सूर वाजत राहतात. बाहेरून पॉलिश मारून झाकण्यासारखं हे नुकसान नाही.

तुमच्या ग्राहक सेवेकडून फोनवर दोन गोष्टी सांगण्यात आल्या. पहिली, ‘आतलं पॅकिंग कमी पडलं.’ पेटी आधी फोममध्ये, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि त्यावर पट्ट्या ठोकलेल्या लाकडी खोक्यात होती. बुकिंगच्या वेळी तुमच्याच शाखेने ते तपासून ‘नाजूक’ची चिठ्ठी लावली. शिवाय जिथे लाकडी खोकं आत दबलं आहे, बरोबर तिथेच पेटीची फळी सुटली आहे. वरून जड काही पडल्याशिवाय किंवा खोकं आपटल्याशिवाय हे होत नाही. दुसरी गोष्ट, ‘पावतीच्या मागे लिहिल्याप्रमाणे १०० रुपये मिळतील.’ मग ३८५ रुपये कशाचे घेतले, याचं उत्तर फोनवर कुणाकडेच नव्हतं.

मागणीचा हिशेब असा:

उजवी फळी बदलणे व पॉलिश – रु. ४,८००
भाता नव्याने मढवणे – रु. ३,२००
सुरांची फळी सांधून १४ सूर बसवणे – रु. २,१००
सहा पट्ट्या – रु. १,५००
पूर्ण पेटीची सूरजुळवणी – रु. २,५००
नागपूरहून परत आणण्याचे भाडे – रु. १,८६०
नवे लाकडी खोके – रु. १,२००
मूळ भाडे परत – रु. १,७५५
एकूण – रु. १८,९१५

जोखीम शुल्क परत मागत नाही, ते याच प्रसंगासाठी भरलं होतं. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी बाईंना दुसरी पेटी भाड्याने घ्यावी लागली, तेही यात धरलेलं नाही. दुरुस्ती मी स्वतः करू शकतो, पण माझाच अंदाज माझ्याच क्लेमला जोडणं बरं दिसत नाही, म्हणून गिरगावातल्या दुसऱ्या कारागिराकडून २४ जुलैचा लेखी अंदाज घेतला आहे.

सोबत जोडलं आहे: डॉकेटची प्रत व भाड्याची पावती, रु. ३८,५०० चे विक्री बिल (माझं दुकान जीएसटी नोंदणीत नाही, म्हणून बिल साधं आहे), शेरा लिहिलेली पोचपावती, पाठवण्याआधीचे ४ व पोहोचल्यावरचे ११ फोटो, दुरुस्तीचा अंदाज, परतीच्या भाड्याची व खोक्याची पावती, आणि रद्द केलेला चेक. पेटी माझ्या दुकानात जशीच्या तशी ठेवली आहे. पुन्हा पाहणी करायची असेल तर ४ ऑगस्टपर्यंत कुणालाही पाठवा, त्यानंतर मी काम सुरू करणार. गिऱ्हाईक पेटीशिवाय बसलं आहे.

हा ईमेल रस्त्याने मालवाहतूक कायदा, २००७ च्या कलम १६ खालील लेखी नोटीस समजावा. बुकिंगपासून १८० दिवसांच्या मुदतीत तो दिला आहे. क्लेम क्रमांक तीन दिवसांत आणि पाहणी अहवालासह लेखी निर्णय १५ दिवसांत कळवावा. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. उत्तर कृपया ईमेलवरच द्या, दर फोनला नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागतं.

आपला,
श्रीकांत मेस्त्री
हार्मोनियम तयार करणे व दुरुस्ती
दादर (पश्चिम), मुंबई ४०० ०२८
(मोबाइल क्रमांक डॉकेटवर आहे तोच)