हँडआउट ३ : ब्लॉक डायग्राम वाचताना

आकृतीत डावीकडून r येतो, म्हणजे लिफ्ट कुठे थांबायला हवी ते. उजवीकडे y, म्हणजे ती प्रत्यक्षात कुठे आहे ते. मधल्या ठोकळ्यात कंट्रोलर आणि मोटर मिळून:

G(s) = K / (s(s+4))

y ची तार खालून वळून परत गोलाकडे येते. तिथलं वजा चिन्ह पेनने गडद करा. तेच फीडबॅक: e = r − y, जेवढी चूक तेवढाच जोर. प्रॅक्टिकलला बहुतेक गडबड इथेच होते. सेन्सरच्या तारा उलट लागल्या की वजाचं अधिक होतं आणि चूक वाढतच जाते.

लूप बंद केल्यावर छेद येतो s² + 4s + K. K = 16 घ्या: ωn = 4, ζ = 0.5. स्टेप दिल्यावर y साधारण 0.9 सेकंदात शिखर गाठतो, 16% पुढे जातो आणि 2 सेकंदांत 2% च्या आत स्थिरावतो. दादर-परळच्या टॉवरमधली लिफ्ट मजल्याच्या थोडी वर जाऊन खाली बसते, तेव्हा पायांना जाणवतो तो हाच ओव्हरशूट.

कागदावर ही सिस्टिम कोणत्याही धन K ला स्थिर दिसते. त्यावर विसंबू नका. सेन्सरला 0.1 सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट धरला की छेद होतो:

0.1s³ + 1.4s² + 4s + K

राउथ तक्ता मांडा: K 56 च्या खाली हवा. बरोबर 56 ला लिफ्ट झुलतच राहील, वारंवारता √40 ≈ 6.3 रेडियन प्रति सेकंद. तक्ता स्वतःच्या हाताने सोडवून आणा.