पान ६ चा प्रॉम्प्ट : गाडीखाली चिंगी

लहान मुलांच्या चित्रपुस्तकाचं जोडपान. आडवं, रुंदी उंचीच्या दुप्पट. सोबत पान १ चं पक्कं झालेलं चित्र जोडलं आहे. कापड, टाके, रंग आणि चिंगीचा चेहरा त्याच्याशी तंतोतंत जुळायला हवा. नवीन शैली, नवीन प्राणी, नवीन करामत काही नको.

शैली (हा परिच्छेद सोळाही पानांना जसाच्या तसा, एक शब्दही बदलायचा नाही) : संपूर्ण चित्र म्हणजे हाताने शिवलेली जुनी वाकळ. जुन्या सुती लुगड्यांचे, धोतरांचे, मांजरपाटाचे तुकडे एकावर एक ठेवून शिवलेले. कापड धुऊन धुऊन विरलेलं, मऊ झालेलं, कडांना थोडे दोरे सुटलेले. प्रत्येक आकार हा कापडाचा एक तुकडा, त्याच्या कडेने जाड दोऱ्याचा धावदोरा. टाके हाताचे, म्हणून थोडे लहानमोठे. मशीनची सरळ शिलाई कुठेही दिसू नये. टाका पडतो तिथे कापड किंचित दबलेलं, दोन टाक्यांच्या मधे किंचित फुगलेलं. वरून पडणारा सपाट, मऊ उजेड, जणू वाकळ ओसरीवर पसरून वरून बघतोय. खोली कापडाच्या थरांतूनच येते, लांबचं धूसर करून नाही. चमक नाही, जरी नाही, रेशीम नाही. पैठणीचा तुकडा तर अजिबात नको. पैठण आमच्याच मराठवाड्यातलं असलं तरी पैठणीची वाकळ कोण शिवतं?

रंग (हेही सगळ्या पानांना सारखे) : गेरू, हळदीचा मळका पिवळा, कडब्याचा फिकट रंग, नीळ घातलेल्या पांढऱ्याची निळसर झाक, राख, काळ्या रानाचा तपकिरी काळा. याशिवाय एकच लाल, तो पुढे सांगितलेल्या किड्यासाठी राखून ठेवलेला. हिरवा पान ८ पासून सुरू होतो. या पानावर पाऊस नुकताच पडायला लागला आहे, गवत एका तासात उगवत नाही. लिंबाच्या झाडाला तेवढा मळकट, काळपट हिरवा चालेल, कारण लिंब उन्हाळ्यातही हिरवाच असतो.

चिंगी : चिंगी ही खोकड आहे. हे नीट वाचावं, कारण पान ४ ला तीनदा चुकलं आहे. ती विलायती लाल कोल्ही नाही. नारिंगी अंग, पांढरं शेपूटटोक, पायात काळे मोजे घातल्यासारखे पाय, असं आलं की ते चित्र बाद. आपल्या गोष्टींतला लबाड कोल्हाही नाही. तो अंगाने मोठा, जाड. खोकड म्हणजे माळरानावरचा छोटा, सडपातळ प्राणी, वजन दोन-तीन किलो, मोठ्या मांजरीपेक्षा फार मोठा नाही. अंग राखाडी-पिवळसर, वाळल्या कुसळी गवताच्या रंगाचं. पोट फिकट. पाय बारीक, थोडे तांबूस. तोंड निमुळतं. कान अंगाच्या मानाने मोठे, टोकदार. शेपूट झुबकेदार आणि तिचं टोक काळं.

कापडात सांगायचं तर अंग कडब्याच्या रंगाच्या जुन्या धोतराचं, पाय फिक्या गेरूचे, पोट निळीत बुडवलेल्या मांजरपाटाचं. शेपटीचं टोक चंद्रकळेच्या तुकड्याचं. पुस्तकभर गडद काळं कापड तेवढंच एक. मातीचा काळा नेहमी तपकिरीकडे झुकलेला. चिंगीचे डोळे दोन काळ्या काचमण्यांचे, डोळ्यांत पांढरा भाग नको. डाव्या कानाच्या कडेला एक छोटी खाच, तीवर आडवे दोन टाके मारलेले, जणू फाटलेला कान कुणीतरी शिवून दिला. पोरं प्रत्येक पानावर पहिल्यांदा तो कान शोधतात. चित्रात डावा म्हणजे चिंगीचा डावा. ती आपल्याकडे तोंड करून बसली की तो आपल्या उजव्या हाताला येतो. अंगावर कपडे नकोत, गळ्यात रुमाल नको, हातात छत्री तर नकोच. चिंगी बोलते, पण चालते चार पायांवर.

या पानावरचा प्रसंग : मृग लागला आहे, जूनचा दुसरा आठवडा. दुपार. काळ्या रानाच्या बांधाला लागून एक जुनी बैलगाडी सोडून ठेवलेली, बैल नाहीत, जू जमिनीवर टेकलेलं, त्यामुळे गाडी पुढे झुकलेली. पाऊस अचानक आला, चिंगीचं बीळ माळावर लांब राहिलं, म्हणून ती पळत येऊन गाडीखाली शिरली. चित्र ती आत शिरून बसल्यानंतरच्या क्षणाचं आहे. धावपळ संपली, आता नुसतं बघत बसायचं.

गाडी उजव्या पानावर. दोन्ही चाकं लाकडी, आरे जाड, बाहेरून लोखंडी धाव. चाकं मोठी हवीत; बसलेल्या चिंगीचे कान चाकाच्या तुंब्याच्या खालीच राहतील इतकी. मागच्या वेळी चिंगी गाडीएवढी झाली होती आणि पहिलीतल्या एका पोरीने विचारलं, “मॅडम, ही वाघीण हाय का?” गाडीचा साटा फळ्यांचा, फळ्यांत फटी, आणि एका फटीतून पाण्याची एकच धार चिंगीच्या पाठीमागे पडते आहे. निवारा आहे, पण गळका.

चिंगी दोन चाकांच्या मधे, मागच्या पायांवर बसलेली. शेपूट पुढे घेऊन पायांभोवती गुंडाळलेली, काळं टोक पुढच्या पंज्यांवर आलेलं, स्पष्ट दिसणारं. पाठीकडचं अर्धं अंग भिजलेलं. तिथे कापड एक छटा गडद आणि टाके जवळजवळ, म्हणजे केस चिकटून बसल्याचं कळेल. पुढचं अंग कोरडं, फुगीर. एक पुढचा पंजा थोडा वर उचललेला, त्याला काळ्या मातीचा गोळा चिकटला आहे. हा गोळा नीट दाखवायचा. आमच्या काळ्या रानात पहिला पाऊस पडल्यावर दहा पावलं चाललं की चपलेला शेरभर माती लागते, पोरांना ते न सांगता कळतं. गोळा तपकिरी-काळ्या लोकरीचा, वेडावाकडा, त्यात कडब्याची एक काडी अडकलेली. चिंगीचा चेहरा घाबरलेला नको. वैतागलेला पण चौकस, कान एक पुढे एक मागे, नाक थोडं खाली.

नाक खाली का, तर तिच्या समोर, चाकाच्या आत कोरड्या जमिनीवर, मृगाचा किडा आला आहे. पहिल्या पावसाबरोबर मातीतून वर येणारा, मखमलीसारखा लालभडक. लाल लोकरीची एक गच्च गाठ आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक दोऱ्याचे चार-चार, असे आठ पाय. आठच. पोरं मोजतात. आकार चिंगीच्या नाकाच्या टोकापेक्षा लहान. पुस्तकभर लाल रंग फक्त याचाच. त्यामुळे गाडीवर लाल पट्टा, लांब घरावर लाल झेंडा, चिंगीची लाल जीभ, काहीही लाल यायला नको.

पाऊस : हे या पानाचं मुख्य काम. पाऊस म्हणजे टाके. डाव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली तिरपा येणारा निळसर-पांढरा धावदोरा, ओळींमागून ओळी, आभाळाच्या तुकड्यातून निघून रानाच्या तुकड्यात घुसणारा. थेंबाचे आकार नकोत, काचेवरून ओघळणारं पाणी नको, शिंतोड्यांचे गोल नकोत. टाका जमिनीला लागतो तिथे कापड थोडं दबतं, बस्स. डावीकडे टाके दाट, गाडीच्या जवळ विरळ. गाडीखाली पावसाचा एकही टाका नाही, त्या एका गळक्या धारेशिवाय. तीही टाक्यांचीच, पण उभी सरळ. पान न वाचताच कळलं पाहिजे, की गाडीखाली वाकळ शिवायची राहिली आहे आणि तेवढ्याच न शिवलेल्या जागेत चिंगी बसली आहे.

मागचा देखावा : कोकणातला पाऊस नको. नारळ नाहीत, भातखाचरं नाहीत, केळी नाहीत, उतरत्या कौलांची घरं नाहीत. पेरणीआधीचं मोकळं काळं रान, पाळी घालून झालेलं, तासांच्या समांतर रेषा टाक्यांनीच काढलेल्या. लांब डोंगराकडे अजून पाऊस न पोचलेली थोडी जमीन, तिच्यात उन्हाळ्याच्या भेगा. या भेगा म्हणजे कापडाची उसवलेली शिवण. बांधावर एक बाभूळ आणि एक लिंब, दोन्ही लहान. मागे बालाघाटाच्या डोंगराची रांग, डोंगर शंकूसारखे टोकदार नकोत, माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे. डोंगराच्या पायथ्याला एकच माळवदाचं घर, धाब्याचं, छत सपाट, भिंती पांढरीच्या मातीच्या रंगाच्या. दारात माणूस नको. आभाळ राखाडी धोतराच्या मोठ्या तुकड्यांचं, पण डोंगराच्या अगदी वर हळदीची एक अरुंद पट्टी, तिकडे अजून ऊन आहे. मोर नको. पावसाचं चित्र म्हटलं की मोर येऊन नाचतोच, आणि नायगावचं मयूर अभयारण्य इथून जवळ असल्यामुळे पालकही विचारतात, पण आमचा मोर पान ९ वर येणार आहे. त्याआधी दिसला तर गोष्ट फुटते.

मांडणी : जोडपानाच्या मधोमध घडी येते, तिथे चिंगीचा चेहरा, किडा किंवा चाक काहीही येऊ नये. चारही कडांना बोटभर जागा अशी ठेवावी, की कापताना गेली तरी चालेल. डाव्या पानाचा वरचा तिसरा भाग आभाळाचाच, तिथे पावसाचे टाके अगदी फिके, कारण मजकूर तिथे बसणार आहे. चित्रात एकही अक्षर, आकडा किंवा सही नको. मागे एकदा आपोआप मराठी अक्षरं आली होती, त्यांतली निम्मी जोडाक्षरं मोडलेली आणि उरलेली कोणत्याच भाषेतली नाहीत. पहिलीच्या पोरांपुढे असलं काही नको. मजकूर आम्ही नंतर हाताने टाकतो. भाव लक्षात यावा म्हणून तो इथे देते, चित्रात लिहिण्यासाठी नाही :

आभाळ फाटलं का गं माय?
शिवायला कुणी येईल काय?
गाडीखाली जागा एवढीशी,
त्यात मी अन् माझी शेपटी.
आणि हे कोण आलंय पाहुणं?
लाल लाल, मखमली, ठेंगणं!

दोन नमुने हवेत. एकात चिंगी किड्याकडे बघते आहे, दुसऱ्यात ती पावसाकडे बघते आहे आणि किडा तिच्या नकळत पंज्याजवळ आला आहे. बाकी सगळं दोन्हीत सारखं, गाडी, उजेड, घराची जागा, टाक्यांचा तिरपेपणा, काही हलवायचं नाही. मला स्वतःला दुसरा जास्त आवडेल असं वाटतंय, कारण किडा मग चिंगीच्या आधी पोरांनाच दिसेल, पण दोन्ही शेजारी ठेवून वर्गात दाखवल्याशिवाय ठरवणार नाही.

पाठवण्याआधी पान १ शेजारी ठेवून पाहावं : कानाची खाच चिंगीच्या डाव्याच कानाला, दोरा तेवढाच जाड, शेपटीचं टोक काळं.